१,२५० चे १२,५०१ कसे होतात: जुन्या निकालपत्राची सफाई

निकालपत्र १९७१ सालचं. भूसंपादनात वाढीव मोबदला मागणारं उच्च न्यायालयातलं अपील, इंग्रजीत टाइप केलेली २३ पानं. हातात होती ती कार्बनची प्रत, नकलेचा शिक्का मारलेली आणि नंतर कधीतरी स्कॅन केलेली. स्कॅनबरोबर ओसीआरचा, म्हणजे यंत्राने चित्रावरून वाचलेला, मजकूरही होता. दोन पानी सारांश करायचा होता. मजकूर वरवर वाचला तर बरा वाटत होता: वाक्यं लागत होती, चुकलेले शब्द ओळखू येत होते. अशाच मजकुरात आकडे फसवतात. `compensotion` दिसलं की डोळा आपोआप थांबतो, पण ८ च्या जागी ३ छापला गेला तर थांबायला काहीच कारण नसतं. दोन्ही आकडेच, दोन्ही शक्य.

म्हणून पहिल्या दिवशीच नियम ठरवला: शब्द नियमाने दुरुस्त करायचे, आकडा एकही आपोआप बदलायचा नाही. आकड्याला फक्त खूण करायची.

मूळ पीडीएफ आणि मूळ ओसीआर मजकूर वेगळे ठेवले आणि त्यांना हात लावला नाही. दुरुस्ती तिसऱ्या फाइलमध्ये केली. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढे एखाद्या आकड्याबद्दल “हे ओसीआरने वाचलं की आपण लिहिलं?” असा प्रश्न आला की त्याचं उत्तर याच दोन फाइलींत असतं. त्यानंतर स्कॅनची जात पाहिली:

```
pdfimages -list nikal.pdf
```

यात दोन रकाने महत्त्वाचे. `x-ppi` म्हणजे इंचाला किती ठिपके, आणि तिथे ३०० किंवा जास्त असेल तर टाइपरायटरची अक्षरं नीट वाचता येतात. १५० असेल तर चित्र मोठं करून उपयोग नाही. जो तपशील पकडलाच गेला नाही तो मोठा करून येत नाही. दुसरा रकाना `enc`. तिथे `jbig2` दिसलं तर सावध व्हावं. या पद्धतीच्या एका प्रकारात फाइल लहान करण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच ठसा ठेवून तो सगळीकडे वापरला जातो. धूसर ६ आणि ८ सारखे वाटले तर ६ च्या जागी ८ चा ठसा बसतो, आणि तो अगदी स्वच्छ, ठळक दिसतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने स्कॅन केलेल्या कागदांत आकडे बदललेले दाखवून हा दोष जगासमोर आणला. अशा फाइलीत चित्राशी ताडून पाहणंही पुरेसं नसतं, कागदच पाहावा लागतो. `jbig2` असलेली प्रत्येक फाइल बिघडलेली असते असं नाही, कारण त्याच पद्धतीचा काही न गमावणारा प्रकारही आहे. पण तो रकाना तेवढं सांगत नाही. आमच्या फाइलीत `jpeg` होतं, ३०० पीपीआयचं, करड्या रंगातलं. म्हणजे चित्रावर विसंबायला हरकत नव्हती.

आलेला ओसीआर मजकूर कुठल्या सेटिंगवर काढला होता ते माहीत नव्हतं, म्हणून आम्ही तो पुन्हा काढला.

```
pdftoppm -r 300 -gray -png nikal.pdf pan
tesseract pan-07.png pan-07 -l eng --psm 6 tsv
```

शेवटच्या `tsv` मुळे प्रत्येक शब्दासोबत `conf` हा ० ते १०० मधला गुण मिळतो. नवखा माणूस साठच्या खालचे शब्द तपासतो आणि बाकीचे सोडून देतो. तसं करू नये. गुण कमी असेल तर शंका घ्यायलाच हवी, पण गुण जास्त आहे म्हणून आकडा बरोबर ठरत नाही. आमच्याकडे सर्वांत मोठी चूक नव्वदच्या वर गुण मिळालेल्या शब्दात होती. त्यापेक्षा जुना आणि नवा असे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून जिथे आकडे जुळत नाहीत तिथे खूण करणं जास्त फळाला आलं.

आता सातव्या पानाच्या या तीन ओळी पाहा. अख्ख्या निकालाचा गाभा इथे आहे, आणि ओसीआरने तो असा दिला:

```
The area is 6 acres 24 gunthas. We fix the rate at
Rs. l,2501- per acre. The market value thus comes
to Rs. 8,2501-. Solatium at l5% is Rs. 1,23750.
```

यात तीन वेगळ्या चुका आहेत, आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

पहिली म्हणजे `l`. ही खरं तर ओसीआरची चूकच नाही. जुन्या पुष्कळ टाइपरायटरांवर १ ची कळ नसायची, टायपिस्ट इंग्रजी लहान `l` वापरत. शून्यासाठी मोठा `O` वापरणारेही होते. म्हणजे कागदावर खरोखरच `l` आहे आणि यंत्राने तो प्रामाणिकपणे वाचला आहे. त्यामुळे अशा सगळ्या जागा आधी शोधून काढायच्या:

```
grep -nE '[0-9][,.(]?[lIOSB]|[lIOSB][,.(]?[0-9]' nikal.txt
```

यात `S` आणि `B` मुद्दाम घातले आहेत, कारण ५ आणि ८ त्यांच्याशी मिसळतात. उत्तरात कलमांचे आकडेही निघतात. `Section 4(l)` हे कलम ४(१) असल्याचं कळतं, पण `Section IS` म्हणजे १८ हे या शोधात सापडत नाही, कारण त्यात अंकच उरलेला नाही. म्हणून `Section`, `Rs.` आणि `No.` या शब्दांपुढे अंक नसलेल्या जागा वेगळ्या शोधाव्या लागल्या.

दुसरी चूक सर्वांत धोक्याची. `Rs. 1,250/-` मधली तिरकी रेघ कार्बन प्रतीत उभी दिसते आणि ओसीआर तिला १ वाचतं, कधी ७. एक हजार दोनशे पन्नासचे बारा हजार पाचशे एक होतात. शेवटी उरलेली आडवी रेघ, `-`, हीच तिची खूण. पण ओळ साफ करताना कोणी “ही आगंतुक रेघ” म्हणून ती पुसली, तर पुरावाच जातो. म्हणून विरामचिन्हांची सफाई आकड्यांच्या खुणा पूर्ण होईपर्यंत करायची नाही. हाच घोळ सर्व्हे नंबरात होतो: `47/1` चा `4711` होतो, आणि तिथे शेवटी रेघही नसते. सर्व्हे नंबर सगळीकडून गोळा करून एका यादीत मांडले की असा आडदांड नंबर एकटा पडतो आणि दिसतो.

तिसरी चूक `1,23750`. स्वल्पविराम आहे पण जागा चुकीची. एक हजार दोनशे सदतीस रुपये पन्नास पैसे, की एक लाख तेवीस हजार सातशे पन्नास? इथे टाइपरायटरच मदतीला आला. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारखीच रुंदी घेतं, मग ते `m` असो की पूर्णविराम. चित्र ३०० टक्के मोठं करून वरच्या आणि खालच्या ओळीतली अक्षरं उभी जुळवली, तर ७ आणि ५ च्या मध्ये बरोबर एका अक्षराची रिकामी जागा होती. तिथे तळाशी करड्या रंगाचा पुसट ठिपकाही दिसला. म्हणजे टिंब टाइप झालं होतं, कार्बनमधून नीट उमटलं नव्हतं. संगणकावर छापलेल्या निकालात हा उपाय चालत नाही, कारण तिथे अक्षरांची रुंदी सारखी नसते.

चित्रानंतर गणित. दर १,२५०, एकूण ८,२५०, म्हणजे क्षेत्र ६.६ एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ०.६ एकर म्हणजे २४ गुंठे. ६ एकर २४ गुंठे जुळले. भूसंपादन अधिनियम, १८९४ च्या कलम २३(२) खाली सोलेशियम, म्हणजे सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारभावावर मिळणारी जादा रक्कम, तेव्हा १५ टक्के होतं (३० टक्के १९८४ च्या दुरुस्तीने झालं). ८,२५० चे १५ टक्के १,२३७.५०. बेरीज ९,४८७.५०. शेवटच्या पानावर हीच एकूण रक्कम अक्षरी लिहिलेली होती, आणि अक्षरी रकमेत ओसीआरची चूक लपत नाही. एखादं अक्षर बिघडलं तरी शब्द ओळखू येतो. म्हणून मी निकालपत्र उघडलं की सर्वांत आधी अक्षरी रक्कम शोधतो. ती सापडली की बाकीचे आकडे तिला टांगता येतात.

एकर-गुंठ्यांत आणखी एक खड्डा आहे. दहाव्या पानावर हेच क्षेत्र `6-24` असं लिहिलेलं होतं आणि ओसीआरने आडव्या रेघेचं टिंब करून `6.24` दिलं. कोणी ते दशांश समजून १,२५० ने गुणलं तर ७,८०० येतात आणि मग न्यायालयाचीच बेरीज चुकली असं वाटू लागतं. गुंठ्यांचा आकडा ३९ च्या पुढे कधीच जात नाही, हा मात्र फुकटचा पहारेकरी. `64 gunthas` दिसलं की चित्र न पाहताही कळतं की काहीतरी बिघडलंय.

इथवर सगळं जुळत गेलं. खरी परीक्षा चौथ्या पानावर होती. तिथे जिल्हा न्यायालयाने एकरी ८०० रुपये दर दिल्याचं आणि रक्कम ५,२४० झाल्याचं लिहिलं होतं. ६.६ गुणिले ८०० म्हणजे ५,२८०. लगेच मनात आलं, ८ चा ४ झालाय. दुरुस्त करून पुढे जायचा मोह मोठा होता. पण चित्रात तो ४ अगदी स्वच्छ होता, उघड्या तोंडाचा, त्याच ओळीतल्या दुसऱ्या ४ सारखाच. म्हणजे न्यायालयाचं गणित चुकलं, टायपिस्ट चुकला, किंवा आम्हाला न दिसलेलं कारण असणार.

५,२४० भागिले ८०० केलं तर ६.५५ येतात. ६ एकर २२ गुंठे. दोन गुंठे कमी. मग अकराव्या पानावरचा हा तुकडा पुन्हा पाहिला, जो पहिल्या वाचनात कचरा समजून बाजूला ठेवला होता:

```
excluding 2 gs. of pot kharah
```

पोटखराबा! लागवडीस अयोग्य म्हणून दोन गुंठे जिल्हा न्यायालयाने वगळले होते आणि उच्च न्यायालयाने ते धरले होते. दोन्ही न्यायालयांच्या रकमांत फरक केवळ दराचा नव्हता, क्षेत्राचाही होता. ५,२४० ला ५,२८० केलं असतं तर निकालातला हा मुद्दाच सारांशातून नाहीसा झाला असता. `kharah` ला स्पेलचेक लावला असता तर त्याने इंग्रजीतला भलताच शब्द सुचवला असता. जमिनीच्या निकालांसाठी आम्ही आता छोटी शब्दयादी वेगळी ठेवतो: `guntha`, `pot kharab`, `jirayat`, `bagayat`, `hissa`, `inam`, `kabulayat`. यांतल्या शब्दाशी एका अक्षराने न जुळणारा शब्द दिसला की तो यादीतल्या शब्दाशी ताडून, चित्र पाहून मगच सुधारायचा.

यावरून खुणांचे तीन वर्ग पाडले. चित्र स्पष्ट आणि गणितही जुळतं, तो ‘अ’. चित्र अस्पष्ट, तो ‘ब’. चित्र स्पष्ट पण गणित किंवा कालक्रम जुळत नाही, तो ‘क’. ‘क’ वर्गातला आकडा कधीही बदलायचा नाही, कागदावर आहे तसाच ठेवून शेजारी शेरा द्यायचा. निकालपत्रातच खरोखर लेखनाची किंवा गणिताची चूक असेल तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली न्यायालयाचा आहे, सारांश करणाऱ्याचा नाही. मजकुरात खूण अशी केली:

```
[[क|पा.4|5,240|6.6 x 800 = 5,280; पा.11 पाहा]]
```

आतला क्रम ठरलेला: वर्ग, पान, जसं वाचलं तसं, शेरा. दुहेरी चौकटी कंस निकालपत्रात कुठेच येत नाहीत, त्यामुळे शेवटी एका शोधात सगळ्या खुणा सापडतात आणि एखादी राहून गेली का ते कळतं.

तारखांना गणित लागत नाही, कालक्रम लागतो. कलम ४ च्या अधिसूचनेची तारीख `12-8-1963` आली होती, पण त्या ८ च्या डाव्या बाजूला कार्बनचा डाग होता. ३ ही असू शकत होता. बाजारभाव या तारखेचा धरला जातो, म्हणून ती चुकली तर सारांशच चुकतो. कलम ६ ची घोषणा ५-६-१९६३ ची होती आणि ती अधिसूचनेच्या आधी येऊ शकत नाही. शिवाय २०-५-१९६३ चं एक खरेदीखत न्यायालयाने “अधिसूचनेनंतरचं” म्हणून बाजूला ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी मार्चकडेच बोट दाखवतात. तरीही ती तारीख ‘ब’ मध्येच ठेवली आणि “कालक्रमावरून मार्च” असा शेरा दिला. अनुमान आणि वाचन एक नाही, आणि सारांश वाचणाऱ्याला तो फरक दिसला पाहिजे.

आधीच्या निकालांचे संदर्भ मात्र अनुमानाने लावायचेच नाहीत. `A.I.R. 1939 P.C. 93` असं आलं होतं, पक्षकारांच्या नावांत गजपतीराजू हे नाव अर्धवट वाचता येत होतं. बाजारभावाच्या वादात नेहमी येणारा प्रिव्ही कौन्सिलचा हा निकाल पान ९८ वर आहे. खंड उघडून नाव आणि पान जुळवलं, मगच बदललं.

हाताने तपासणी दुसऱ्या माणसाने करायची. आमच्याकडे एकूण ३८ खुणा झाल्या. त्यांतल्या २७ मोठं चित्र पाहूनच सुटल्या. उरलेल्या ११ आकड्यांची चित्रं कापून सहकाऱ्याला दिली, आमचा अंदाज न सांगता. अंदाज सांगितला की समोरच्यालाही तेच दिसू लागतं. तपासताना आकडे सुटे म्हणायचे: एक, स्वल्पविराम, दोन, पाच, शून्य. “साडेबाराशे” किंवा “बावन्न” म्हणायचं नाही. मराठीत पंचवीस आणि बावन्न म्हणताना एकक आधी येतो, आणि ऐकून लिहिणाऱ्याच्या हातून २५ चे ५२ सहज होतात.

पानाच्या डोक्यावरचे क्रमांकही याच वेळी काढले. टायपिस्टने `-: 7 :-` असे क्रमांक दिले होते आणि वाक्य पानाच्या कडेला तुटलं की तो आकडा वाक्यात शिरत होता. एका ठिकाणी `Rs.` आधीच्या पानाच्या शेवटी आणि `350/-` पुढच्या पानाच्या सुरुवातीला असल्याने जोडून `Rs. 7 350/-` झालं होतं. हे क्रमांक पुसण्याआधी प्रत्येक पानाच्या सुरुवातीला आपली पान-खूण घालायची, नाहीतर सारांशात कुठल्या पानावरचा आकडा हे सांगता येत नाही.

शब्दांत एकच गोष्ट आकड्याइतक्या काळजीने पाहिली: `not`. त्याचा `now` किंवा `nut` होतो. `now` तर वाक्यात चपखल बसतो आणि अर्थ उलटा करतो. सगळे `now` एकेक करून चित्राशी ताडले. २३ पानांना दहा मिनिटं लागली.

सारांशात प्रत्येक रकमेपुढे पान क्रमांक दिला. शंकेच्या आकड्यांवरून कुठलीही नवी टक्केवारी किंवा फरक काढला नाही, कारण एकदा गणितात शिरलेली शंका पुढे दिसत नाही.

शेवटी जिचा अंदाजही बांधता येईना अशी एकच खूण उरली. न्यायालयाने ज्या १९६२ च्या खरेदीखतावर भिस्त ठेवली त्याची किंमत ३,००० रुपये स्पष्ट होती. क्षेत्र मात्र `2 acres` आणि पुढे नकलेच्या शिक्क्याखाली एक अंक, त्याच्यामागे शून्य, `gunthas`. १०, २० किंवा ३०. वीस धरले तर एकरी बरोबर १,२०० येतात, आणि न्यायालयाच्या १,२५० च्या इतका जवळचा दर पाहून तेच खरं असं वाटतं. पण दहा धरले तर १,३३३ येतात. मग न्यायालयाने त्या दरात वाढ केली नाही, कपात केली, असं होतं. तीस धरले तर १,०९१. निकालपत्रात एकरी दर काढून दिलेला नाही. शिक्क्याची शाई आणि टाइपची शाई दोन्ही काळपट, चित्राचा उजेड कमी-जास्त करूनही वेगळी होईना. सहकाऱ्यानेही “वाचता येत नाही” असाच शेरा दिला, तो तसाच नोंदवला. सारांशात लिहिलं: “क्षेत्र २ एकर [[ब|पा.9|?0 गुंठे|शिक्क्याखाली]], एकरी दर काढलेला नाही.” त्याच खरेदीखताचा उल्लेख जिल्हा न्यायालयाच्या निकालातही असणार, म्हणून त्या निकालाच्या नकलेसाठी अर्ज केला आहे. नक्कल येईपर्यंत न्यायालयाने तो दर वाढवला की उतरवला याबद्दल सारांशात एकही वाक्य नाही.